रूटिंग टेबलातल्या पाच ओळी

लिनक्स चालणाऱ्या कुठल्याही संगणकावर टर्मिनल उघडून `ip route` एवढं टाइप केलं की काही ओळी समोर येतात. त्यात फक्त आकडे, टिंबं आणि तुटक शब्द दिसतात, म्हणून बहुतेक जण खिडकी लगेच बंद करतात. पण या संगणकातून बाहेर पडणारं प्रत्येक पॅकेट कुठल्या वाटेनं जाणार, ते याच ओळी ठरवतात. ‘वायफाय लागलंय, पण नेट चालत नाही’ ही रोजची तक्रारसुद्धा बऱ्याचदा इथेच उलगडते.

उदाहरणासाठी एका छोट्या कार्यालयातला लॅपटॉप घेऊ. केबलनं तो कार्यालयाच्या नेटवर्कला जोडलेला आहे आणि वायफायवरून एका मोबाइलच्या हॉटस्पॉटलाही. कार्यालयाची दुसऱ्या गावात एक शाखा आहे आणि तिच्याशी जोडणारा वेगळा राउटर याच खोलीत बसवला आहे. या लॅपटॉपचं टेबल असं दिसतं:

```
default via 192.168.1.1 dev enp3s0 proto dhcp src 192.168.1.23 metric 100
default via 192.168.43.1 dev wlp2s0 proto dhcp src 192.168.43.57 metric 600
10.20.0.0/16 via 192.168.1.254 dev enp3s0 proto static metric 100
192.168.1.0/24 dev enp3s0 proto kernel scope link src 192.168.1.23 metric 100
192.168.43.0/24 dev wlp2s0 proto kernel scope link src 192.168.43.57 metric 600
```

प्रत्येक ओळीतली पहिली गोष्ट म्हणजे पत्त्यांचा गट: कुठे जाणाऱ्या पॅकेटांसाठी ही ओळ आहे ते. `via` नंतर येतो तो नेक्स्ट हॉप, म्हणजे पॅकेट आधी कोणाच्या हाती द्यायचं. `dev` म्हणजे कुठल्या दारातून बाहेर पडायचं. `en`नं सुरू होणारं नाव केबलचं आणि `wl`नं सुरू होणारं वायफायचं. `src` हा त्या दारावरचा आपला स्वतःचा पत्ता. `metric`कडे जरा नंतर वळू, कारण नवशिक्यांची नजर आधी तिकडेच जाते आणि तिथेच फसते.

टेबल वाचायला मी खालून सुरुवात करायला सांगतो. शेवटच्या दोन ओळींत `via` नाही. त्या कनेक्टेड रूट आहेत. या दारापलीकडे जे नेटवर्क आहे त्यात आपण स्वतःच बसलो आहोत, तेव्हा मध्ये कोणाला घालायची गरज नाही, असा त्यांचा अर्थ. या ओळी कोणी हातानं लिहीत नाही. केबलच्या दाराला 192.168.1.23 हा पत्ता आणि त्यासोबत /24 ही मर्यादा मिळाली, त्याच क्षणी ऑपरेटिंग सिस्टिमनं 192.168.1.0/24 ही ओळ स्वतः लिहिली. `proto kernel` हे शब्द तेच सांगतात. केबल काढली की ही ओळ जाते, जोडली की परत येते.

/24 म्हणजे पत्त्यातले पहिले 24 बिट जुळले पाहिजेत. पत्त्यातली प्रत्येक संख्या 8 बिटांची असते, म्हणून 24 बिट म्हणजे पहिल्या तीन संख्या. 192.168.1 पर्यंत जुळलं की पत्ता या गटातला. /16 असेल तर पहिल्या दोनच संख्या पाहायच्या.

समजा कार्यालयाचा प्रिंटर 192.168.1.50 वर आहे. छापायचा आदेश दिला की लॅपटॉपला कनेक्टेड ओळ सापडते आणि तो त्या केबलवरच्या सगळ्यांना विचारतो, की 192.168.1.50 हा पत्ता कोणाचा? प्रिंटर आपला हार्डवेअर पत्ता कळवतो आणि पॅकेट थेट त्याच्याकडे जातं. राउटर या व्यवहारात कुठेच येत नाही. म्हणूनच इंटरनेट बंद असतानाही छपाई चालू राहते.

ही मर्यादा चुकली तर मात्र विचित्र प्रकार होतो. कोणी पत्ता हातानं भरताना /24 ऐवजी /16 भरलं, तर कनेक्टेड ओळ 192.168.0.0/16 अशी तयार होते. आता 192.168.7.10 हा दुसऱ्या मजल्यावरच्या वेगळ्या नेटवर्कमधला संगणक असला, तरी लॅपटॉपच्या मते तो याच केबलवर आहे. तो राउटरकडे जाण्याऐवजी केबलवरच हाका मारत राहतो आणि उत्तर येत नाही. इंटरनेट चालतं, प्रिंटर चालतो, फक्त तो एक मजला सापडत नाही. `ping` केलं तर `Destination Host Unreachable` असा संदेश येतो, आणि त्याच्या आधी जो पत्ता छापलेला असतो तो आपल्याच लॅपटॉपचा असतो. ही खूण महत्त्वाची आहे. पॅकेट आपल्या दाराबाहेर पडलेलंच नाही, असं ती सांगते.

आता तिसरी ओळ. 10.20 ने सुरू होणारे सगळे पत्ते, म्हणजे शाखेतले संगणक, 192.168.1.254 च्या हाती सोपवायचे. हा नेक्स्ट हॉप. लॅपटॉपला शाखेचा रस्ता ठाऊक नाही. मध्ये किती राउटर लागतील, शेवटचा टप्पा कोणता, यातलं काहीच टेबलात नसतं. असते फक्त पुढची पायरी. 192.168.1.254 वरचा राउटर पॅकेट घेतो, स्वतःचं टेबल पाहतो आणि त्याची पुढची पायरी ठरवतो. पॅकेटवरचा अंतिम पत्ता, म्हणजे समजा 10.20.4.7, तसाच राहतो. केबलवरून पाठवताना त्यावर जे बाहेरचं वेष्टन चढतं, त्यावर मात्र राउटरचा हार्डवेअर पत्ता असतो.

म्हणजे शाखेकडे पॅकेट पाठवायचं तर लॅपटॉप टेबल दोनदा पाहतो. आधी 10.20.4.7 साठी, तेव्हा उत्तर मिळतं 192.168.1.254. मग हा 254 कुठे आहे ते पाहायला, तेव्हा कनेक्टेड ओळ मिळते. यातूनच एक नियम निघतो: नेक्स्ट हॉप कुठल्या तरी कनेक्टेड नेटवर्कमध्येच असायला हवा. 192.168.5.1 सारखा न जोडलेला पत्ता नेक्स्ट हॉप म्हणून द्यायला गेलं, तर लिनक्स `Nexthop has invalid gateway` असं सांगून ओळच घेत नाही. ज्याच्या हाती पॅकेट द्यायचं, तो हाताच्या अंतरावर नको का?

राहिल्या वरच्या दोन ओळी. `default` हे 0.0.0.0/0 चं सोयीचं नाव. शून्य बिट जुळले तरी चालेल, याचाच अर्थ जगातला कुठलाही पत्ता या ओळीत बसतो. जे दुसरीकडे कुठेच बसलं नाही ते इकडे द्या, असा हा डिफॉल्ट रूट. `proto dhcp` सांगतं, की पत्ता घेताना राउटरनंच ही वाट कळवली.

एक पॅकेट एकाहून जास्त ओळींत बसत असेल तर काय? इथे टेबल वाचण्याचा खरा नियम येतो, आणि तो वरून खाली वाचत जाण्याचा नाही. ज्या ओळीचे सर्वांत जास्त बिट जुळतात, ती जिंकते. पिनकोड आठवा. 4 ने सुरू होणारी पत्रं एका थैलीत टाकायची सूचना आहे आणि 411 ने सुरू होणारी पुण्याच्या थैलीत टाकायचीही सूचना आहे, तर 411030 चं पत्र दोन्ही सूचनांत बसतं. ते पुण्याच्या थैलीत जातं, कारण तिथे तीन आकडे जुळले. सूचनांच्या यादीत कोण वर आणि कोण खाली, याला महत्त्व नाही.

प्रिंटरचा 192.168.1.50 हा पत्ता आपल्या टेबलात तीन ओळींत बसतो: दोन्ही डिफॉल्टमध्ये आणि चौथ्या ओळीत. डिफॉल्टचे जुळलेले बिट शून्य, चौथीचे 24. म्हणून चौथी. 10.20.4.7 साठी तिसरी ओळ 16 बिटांनी जिंकते. 8.8.8.8 हा पत्ता मात्र फक्त दोन डिफॉल्टमध्येच बसतो आणि दोघांचेही बिट शून्य. अशी बरोबरी झाली तरच, आणि तेवढ्यापुरताच, मेट्रिकचा प्रश्न येतो. ज्याचा आकडा लहान तो निवडला जातो. 100 विरुद्ध 600, तेव्हा पॅकेट केबलनं जाणार.

मेट्रिक हे वेगाचं मोजमाप नाही, हे इथे ठासून सांगायला हवं. लिनक्सवर नेटवर्क सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर केबलला 100 आणि वायफायला 600 असे ठरलेले आकडे देतो. केबलपलीकडचं इंटरनेट कूर्मगतीनं चालत असलं आणि हॉटस्पॉट कितीही वेगवान असला, तरी आकडे तेच राहतात. विंडोज जोडणीच्या वेगावरून आकडा काढतं, पण तो वेगही लॅपटॉप ते राउटर या पहिल्या टप्प्याचाच असतो.

आता या टेबलासह एक बिघाड पाहू. एका सकाळी कार्यालयाची इंटरनेट लाइन रस्त्यात कुठेतरी तुटते. राउटर चालू आहे, केबलच्या दाराचा हिरवा दिवा लागलेला आहे. कर्मचारी मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून वायफाय जोडतो, चिन्हही पूर्ण दिसतं, पण एकही पान उघडत नाही. त्याच हॉटस्पॉटवर शेजारच्या टेबलावरचा फोन मात्र व्यवस्थित चालतो. साहजिकच संशय लॅपटॉपच्या वायफायवर जातो, आणि कोणी तरी ड्रायव्हर बदलायच्या मागे लागतं.

अशा वेळी अंदाज करत बसू नये, यंत्रालाच निर्णय विचारावा:

```
$ ip route get 8.8.8.8
8.8.8.8 via 192.168.1.1 dev enp3s0 src 192.168.1.23
```

पॅकेट अजूनही केबलनंच निघालं आहे. दाराला वीज आहे, केबल जोडलेली आहे, पत्ता मिळालेला आहे. टेबलाला एवढंच दिसतं. राउटरच्या पलीकडे लाइन तुटली हे कळण्याचं त्याच्याकडे साधन नाही. म्हणून 100 ची ओळ जागेवर आहे आणि 600 ची वायफायची ओळ नुसती बसून आहे. खात्री करायला दार ठरवून `ping -I wlp2s0 8.8.8.8` असं करून पाहावं. त्याला उत्तर आलं, म्हणजे वायफायची वाट धड आहे आणि वापरली जात नाहीये एवढंच.

सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे केबल काढणं. इंटरनेट लगेच चालू होतं, पण केबलसोबत तिची कनेक्टेड ओळ जाते आणि त्या ओळीच्या आधारावर असलेला शाखेचा मार्गही जातो. आता नेट आहे, तर प्रिंटर नाही आणि शाखा नाही. आपल्याला केबल नकोशी झालेली नाही, तिचा डिफॉल्ट तेवढा नको आहे. तेव्हा तेवढीच ओळ काढावी:

```
sudo ip route del default via 192.168.1.1 dev enp3s0
```

आता 8.8.8.8 साठी एकच डिफॉल्ट उरला, वायफायचा. प्रिंटर आणि शाखा केबलनं पूर्वीसारखे चालतात, कारण त्यांच्या ओळींना कोणी हात लावलेला नाही. ही दुरुस्ती तात्पुरती आहे. केबल काढून जोडली की राउटर आपली वाट पुन्हा कळवतो आणि ओळ परत येते. लाइन बरेच दिवस बंद राहणार असेल, तर नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये केबलच्या जोडणीचा मेट्रिक 700 करून ठेवणं बरं. त्यानं केबलच्या कनेक्टेड ओळीचा मेट्रिकही वाढतो, पण तिची कोणाशी बरोबरीच नसल्यानं काही बिघडत नाही.

काही लिनक्समध्ये नेटवर्कमॅनेजर अधूनमधून एका ठरावीक संकेतस्थळाला विचारून खरंच इंटरनेट आहे का ते तपासतो. नसेल तर त्या दाराच्या डिफॉल्टच्या मेट्रिकमध्ये 20000 मिळवतो. तेव्हा टेबलात `metric 20100` असा आकडा दिसला तर घाबरू नये. केबलपलीकडे इंटरनेट सापडलं नाही, हा त्याचा अर्थ. तिथे 600 आपोआप जिंकतो.

आणखी एक अडचण इथेच नमूद करतो. 8.8.8.8 ला `ping` पोचतो, तरी संकेतस्थळ नावानं उघडत नाही, असंही होतं. नावाचा पत्ता शोधून देण्याचं काम अजून केबलच्या राउटरकडेच असेल, तर तो बिचारा स्वतःच इंटरनेटपासून तुटलेला आहे. म्हणून वाट तपासताना नेहमी आकडी पत्त्यानं तपासावी आणि नावांचा प्रश्न त्यानंतर वेगळा पाहावा.

जास्त बिट जुळणारी ओळ जिंकते, या नियमाचा फार सुंदर वापर ओपनव्हीपीएन करतं. व्हीपीएन लावल्यावर सगळी वाहतूक त्याच्या बोगद्यातून न्यायची असते. त्यासाठी आधीचा डिफॉल्ट पुसला, तर व्हीपीएन अचानक बंद पडल्यावर तो परत लिहायचा कोणी? म्हणून त्याला हातच लावत नाहीत. वर या ओळी घालतात:

```
0.0.0.0/1 via 10.8.0.1 dev tun0
128.0.0.0/1 via 10.8.0.1 dev tun0
203.0.113.10 via 192.168.1.1 dev enp3s0
```

पहिली ओळ जगातले अर्धे पत्ते घेते, दुसरी उरलेले अर्धे. दोन्ही मिळून डिफॉल्टएवढाच पसारा व्यापतात, पण दोघींना एकेक बिट जुळवावा लागतो, म्हणून शून्य बिटांचा डिफॉल्ट त्यांच्यापुढे हरतो. मेट्रिक पाहायची वेळच येत नाही. प्रिंटरचे 24 आणि शाखेचे 16 बिट मात्र एकापेक्षा जास्तच, त्यामुळे ते आपल्या जागी सुरक्षित. तिसऱ्या ओळीतला पत्ता म्हणजे समजा व्हीपीएनचा सर्व्हर. पुढे तिरकी रेघ नाही, म्हणजे पूर्ण 32 बिट, एकच संगणक. ही ओळ नसती, तर बोगदा ज्या सर्व्हरपर्यंत जायचा त्याच्याकडे जाणारी पॅकेटंही बोगद्यातच शिरली असती आणि काहीच बाहेर पडलं नसतं. व्हीपीएन ‘जोडलं’ म्हणतं आणि क्षणात सगळं ठप्प होतं, तेव्हा ही ओळ आहे का ते आधी पाहावं.

विंडोजवर हेच टेबल `route print` नं दिसतं. तिथे /24 ऐवजी 255.255.255.0 लिहिलेलं असतं, डिफॉल्ट म्हणजे जिथे पत्ता आणि मर्यादा दोन्ही 0.0.0.0 आहेत ती ओळ, आणि कनेक्टेड ओळीच्या गेटवेच्या रकान्यात `On-link` दिसतं. वाचायची रीत तीच.

घरातल्या राउटरचंही टेबल असंच चारदोन ओळींचं असतं, कारण त्याचाही सगळा भार डिफॉल्टवर आहे. सेवा देणाऱ्या कंपनीचा राउटर त्याचा नेक्स्ट हॉप. पण ही टोलवाटोलवी कुठेतरी थांबायला हवी. इंटरनेटच्या गाभ्यातल्या मोठ्या राउटरांना डिफॉल्ट नसतो. पत्त्यांचा प्रत्येक गट त्यांना नावानिशी ठाऊक असावा लागतो आणि जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचे असे गट आज दहा लाखांच्या घरात आहेत. 12 ऑगस्ट 2014 रोजी ही संख्या 5 लाख 12 हजारांच्या आसपास पोचली. अनेक जुन्या राउटरांच्या जलद स्मृतीत साधारण तेवढ्याच ओळींना जागा ठेवलेली होती. ती भरल्यावर जगात ठिकठिकाणी नेटवर्क अडखळलं. ज्यांनी जागेची वाटणी आधीच बदलून ठेवली होती, त्यांना त्या दिवशी काही जाणवलं नाही.

`ping` कसं अपयशी होतं, यावरून टेबलाची स्थिती बरीच ओळखता येते. `Network is unreachable` आलं, तर त्या पत्त्यासाठी एकही ओळ नाही, डिफॉल्टसुद्धा नाही. आपल्याच पत्त्यावरून `Destination Host Unreachable` आलं, तर ओळ आहे, पण तो संगणक किंवा नेक्स्ट हॉप केबलवर उत्तर देत नाही. अशा वेळी `ip neigh` पाहिलं तर त्या पत्त्यापुढे `FAILED` दिसतं. आणि काहीच न येता नुसती शांतता असेल, तर पॅकेट आपल्या हातून बहुधा गेलेलं आहे. बिघाड पुढे कुठेतरी आहे.

या तिसऱ्या प्रकारात एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. आपलं टेबल फक्त जाण्याची वाट सांगतं. 10.20.4.7 पर्यंत पॅकेट पोचलं, तरी उत्तर परत येण्यासाठी शाखेच्या राउटरच्या टेबलात 192.168.1.0/24 साठी ओळ हवी. ती नसेल, तर तो राउटर उत्तराचं पॅकेट स्वतःच्या डिफॉल्टवर, म्हणजे इंटरनेटकडे ढकलतो. 192.168 चे पत्ते खासगी असल्यानं तिथे त्यांना कोणी विचारत नाही आणि उत्तर तिथेच हरवतं. इकडे लॅपटॉपवर सगळ्या ओळी बरोबर दिसत असतात आणि माणूस त्याच पुन्हा पुन्हा तपासत बसतो. शाखेतल्या संगणकावर `tcpdump icmp` चालू करून इकडून `ping` करावा. तिकडे विचारणा येताना आणि उत्तर निघतानाही दिसलं, पण लॅपटॉपला काहीच मिळालं नाही, तर इकडचं टेबल सोडून द्यावं आणि शाखेच्या राउटरवर परतीची ओळ घालावी. तिचा नेक्स्ट हॉप अर्थात शाखेकडून हात पोचेल असाच हवा, म्हणजे दोन गावांना जोडणाऱ्या दुव्याचं आपल्या बाजूचं टोक.